रसगुल्ल्यांना तडे जातात आणि गार झाले की चपटे पडतात, नक्की कुठे गडबड होतेय?

सानिका_ठाणे
नमस्कार मंडळी, पुढच्या रविवारी सासूबाईंची साठी आहे आणि त्यांना रसगुल्ले प्रचंड आवडतात, तर घरीच करायचे असं ठरवून बसलेय. काल रंगीत तालीम केली. गाईचं पिशवीतलं दूध १ लिटर, उकळी आल्या आल्या लिंबाचा रस घातला, दूध मस्त फाटलं, फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवला तासभर (पनीरला ठेवते तसाच), मग साधारण ५ मिनिटं मळलं, १२ गोळे केले, पाकात सोडले. पाक १ वाटी साखर आणि २ वाट्या पाणी. गोळे वळतानाच बारीक बारीक भेगा दिसत होत्या, मी म्हटलं पाकात मिटतील. मिटल्या कसल्या, उघडल्या! दोन तर चक्क फुटले. बाकीचे फुगले जरासे पण गार झाल्यावर बसले, आणि चावताना दाताखाली करकर नाही पण रबरी लागतात. चव चांगली आहे म्हणून मुलांनी संपवले तो भाग वेगळा. फोटो खाली टाकलाय. किती वेळ मळायचं हे कोणी नक्की सांगेल का, प्रत्येक व्हिडिओत वेगळं सांगतात.

खवय्या_नागपूर
फोटो बघूनच कळतंय, मळणं कमी पडलं. ५ मिनिटांत काय होतंय ताई, कमीत कमी २० मिनिटं मळा, हाताला चांगलं तूप सुटेपर्यंत. छेना जितका मळाल तितका मऊ. दुसरं काही नाही.

विजूमावशी
माझे गुलाबजाम पण असेच फुटायचे, खव्यात थोडा सोडा जास्त झाला की तुपात टाकल्याबरोबर फुटतात. सोडा कमी कर आणि तूप मंद तापव, एकदम छान होतील.

सानिका_ठाणे
विजूमावशी, गुलाबजाम नाही हो, रसगुल्ले. पांढरे. 😄

विजूमावशी
अगं हो की, चष्मा नव्हता. पण सोडा घालू नकोस यातही.

हावडाकर
सानिका, मी जन्माने सातारची पण नवऱ्याच्या नोकरीमुळे २२ वर्षं हावड्यात आहे, आमच्या गल्लीच्या तोंडावरच मिठाईचं दुकान आहे आणि त्यांची भट्टी रस्त्यावरून दिसते, त्यामुळे हा प्रकार रोज डोळ्यासमोर चालतो. मळण्यावर जाण्याआधी मला एक सांग, १ लिटरचा छेना वजनाला किती भरला होता? आणि गोळे मळताना हाताला ओलसर लागत होतं का कोरडं, चुरा पडत होता का?

सानिका_ठाणे
वजन केलं होतं, काटा आहे घरी. १४० ग्रॅम. आणि हो, कोरडंच होतं, आधी चुराच होता सगळा, मळल्यावर गोळा झाला.

हावडाकर
मग तिथेच आहे सगळं. गाईच्या दुधाचा रसगुल्ल्यासाठीचा छेना लिटरमागे साधारण १७५ ते २०० ग्रॅम भरायला हवा. तुझा १४० म्हणजे पाणी वाजवीपेक्षा जास्त निघून गेलं. तू पनीर केलंस, छेना नाही. वरवंटा ठेवायचाच नाही. पनीर दाबतात कारण त्याच्या वड्या पाडायच्या असतात, रसगुल्ल्याला आत ओल लागते, कारण पाकात उकळताना त्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफच गोळा आतून फुगवते. ओलच नाही तर फुगणार कशाने? आणि कोरडा छेना नीट एकजीव होत नाही, वळताना ज्या केसाएवढ्या भेगा दिसतात त्याच उकळीत उघडतात.

दुसरं, उकळी आल्या आल्या आंबट घालू नकोस. खूप गरम दुधात आंबट पडलं की छेना घट्ट आणि रवाळ होतो. गॅस बंद कर, दोन-तीन मिनिटं थांब, मधून मधून ढवळ म्हणजे साय धरणार नाही. लिंबाचा रस नुसता घालायचा नाही, २ चमचे रस अर्ध्या वाटी पाण्यात मिसळायचा आणि तो चमच्याचमच्याने घालत हलक्या हाताने ढवळायचं. हिरवट पिवळं पाणी स्वच्छ वेगळं झालं की थांब, उरलेलं लिंबूपाणी तसंच राहू दे. जास्त आंबट गेलं तर छेना कडक होतो. आणि लगेच त्यात दोन-तीन वाट्या गार पाणी ओत, नाहीतर तो गरम पाण्यात शिजतच राहतो. आमच्या दुकानात लिंबू वगैरे नसतं, आदल्या दिवशीचं छेन्याचं आंबलेलं पाणी ठेवलेलं असतं, त्यानेच फाडतात.

मग फडक्यात ओतून नळाखाली धुवायचा, लिंबाचा वास जाईपर्यंत. हाताने एकदा हलकं पिळायचं आणि चक्क्याला टांगतो तसा टांगायचा, पण पाऊण तासच. पाऊण तासाने फडकं सोडून थोडा छेना बोटात दाबून बघ, बोटं ओलसर व्हायला हवीत पण पाणी टपकायला नको.

कांदेपोहे
+१. आमच्याकडे फडकं नळाला बांधून ठेवलं होतं रात्रभर, दुसऱ्या दिवशी त्याचे रसगुल्ले झाले नाहीत पण पराठे उत्तम झाले.

खवय्या_नागपूर
हावडाकरताई, ओल वगैरे ठीक आहे पण मळण्याचं काय? आमच्याकडे आचारी येतो लग्नाला तो परातीत अर्धा तास रगडतो.

हावडाकर
तो किती किलो रगडतो ते बघा की दादा. १० किलोच्या घाण्याला अर्धा तास लागणारच. घरच्या १८०-२०० ग्रॅमला ८ ते १० मिनिटं पुरतात, आणि खरं तर घड्याळाकडे बघायचंच नाही, छेन्याकडे बघायचं. सुरुवातीला परातीत रवाळ दाणे दिसतात. तळव्याचा जो मनगटाजवळचा भाग असतो त्याने छेना पुढे ढकलत परातीला घासायचा, मग गोळा करून परत ढकलायचा. बोटांनी चुरायचं नाही. चार-पाच मिनिटांनी दाणे दिसेनासे होतात, पण बोटात चिमूट धरली तर अजून बारीक खरखर लागते. ती गेली, गोळा परातीला चिकटणं सोडून एकत्र यायला लागला आणि तळव्याला नुसती चकाकी आली, की हात थांबवायचा. तुम्ही म्हणता ते तूप सुटणं इथे फक्त एवढंच, चकाकी. खरंच तूप सुटेपर्यंत मळलं तर स्निग्धांश बाहेर येतो, मग छेना गोळा धरत नाही आणि पाकात पसरतो किंवा त्याचे तुकडे होतात. म्हणजे कमी मळलं तर भेगा आणि जास्त मळलं तर चपटे. सानिकाला दोन्ही का झालं ते पुढे बघू, पाक बाकी आहे.

खवय्या_नागपूर
बरं, पण माझे कधी पसरले नाहीत हां.

मिक्सरवाली
मी मिक्सरच्या छोट्या भांड्यात फिरवते, ३०-४० सेकंदात लोणी. कोण मळत बसणार. 🙈

हावडाकर
चालतं, पण सलग फिरवू नका, भांडं गरम होतं आणि स्निग्धांश सुटायला लागतो. दोन-दोन सेकंदांचे झटके द्यायचे, नंतर दोन-तीन मिनिटं हाताने मळायचंच.

न्यूजर्सीकर
मध्येच विचारतो. इथे गाईचंच दूध मिळतं त्यामुळे मला वाटलं होतं सोपं जाईल, पण ऑर्गॅनिक होल मिल्क आणलं तर ते फाटतच नाही नीट, भुरभुरीत गाळ येतो, फडक्यातून निम्मा निघून जातो. लिंबू दुप्पट घातलं तरी तेच. फाटायला काय करू?

हावडाकर
बाटलीवर अल्ट्रा पाश्चराइज्ड लिहिलंय का बघा. तिकडचं ऑर्गॅनिक बऱ्याचदा तसं असतं, फार जास्त तापमानाला नेलेलं, त्याची गुठळी धरत नाही, मग लिंबू कितीही ओता. साधं पाश्चराइज्ड होल मिल्क घ्या, स्वस्तातलं. ते होमोजिनाइज्ड असतंच, त्यामुळे छेना आपल्यापेक्षा थोडा नाजूक येतो, पण रसगुल्ले होतात. मळताना जरा कमी रगडा.

न्यूजर्सीकर
अहो हो, बारीक अक्षरात लिहिलंय! महागातलं आणून बसलोय. आता दोन गॅलनचं काय करू. बघतो, साधं आणून सांगतो.

उगाच_एक
मूळ प्रश्न बाजूला ठेवून सांगतो, खरे रसगुल्ले ओडिशाचे. भुवनेश्वरहून कटकला जाताना पहाळाला थांबा, रस्त्याच्या दोन्ही बाजूला दुकानंच दुकानं, तपकिरी मऊ रसगुल्ले, बंगालचे त्यापुढे रबरी चेंडू.

हावडाकर
भांडण नको 🙂 बंगालच्या रसगुल्ल्याला २०१७ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आणि ओडिशाच्याला २०१९ ला, दोघांना वेगवेगळं, प्रकरण मिटलं. पण तुमच्या मुद्द्यात एक कामाची गोष्ट आहे, तिकडच्यात रवा असतो आणि ते जास्त वेळ पाकात शिजतात, साखर तपकिरी होईपर्यंत, म्हणून ते मऊसूत आणि रंगाचे. आमचा पांढरा आणि स्पंजी, दाबला की रस सुटणार आणि सोडला की परत उभा राहणार. सानिकाला पांढराच करायचाय. बागबाजारच्या नबीनचंद्र दासांचं नाव १८६८ पासून याला जोडलं जातं, तो हाच.

सानिका_ठाणे
रवा किंवा मैदा घालायचा का मग? व्हिडिओत घालतात.

हावडाकर
छेना बरोबर असेल तर काही लागत नाही. पण घरी एकदम नेमकी ओल साधणं अवघड असतं म्हणून २०० ग्रॅमला १ छोटा चमचा मैदा किंवा बारीक रवा घाल, मळून झाल्यावर शेवटच्या मिनिटाला. त्याहून जास्त घातलंस तर घट्ट होतील. रवा असेल तर पाच मिनिटं झाकून ठेव, फुगू दे.

आणि एक युक्ती सांगते, ही सगळ्यात महत्त्वाची. सगळे गोळे वळून एकदम सोडू नकोस. पाक उकळला की एकच गोळा टाक. दोन मिनिटांत कळतं. त्याला तडे जायला लागले तर छेना कोरडा आहे किंवा कमी मळलाय, हात ओले करून परत दोन-तीन मिनिटं मळ. तो पसरून कडा विस्कटायला लागल्या तर छेना ओला आहे, चिमूटभर मैदा मळून घाल. मग दुसरा टाकून बघ. एक-दोन गोळे गेले तर जाऊ देत, बाकीचे वाचतात. गोळा साधारण १२ ग्रॅमचा, लिंबाहून लहानच ठेव, तो दुप्पट होतो. आणि वळताना तळव्यांत आधी जोर देऊन दाबून गोल कर, मग दाब कमी करत करत फिरव, शेवटी नुसता हात लागेल इतकाच. डोळ्याजवळ धरून बघ. रेष दिसली तर परत मोडून वळ, रेष पाकात मिटत नाही.

कांदेपोहे
आणि पाक? मला तर एकतारीशिवाय पाक येतच नाही.

हावडाकर
तेच आपलं मराठी माणसाचं होतं, गुलाबजाम करून करून हात एकतारीवर बसलेला असतो. सानिकाचा १ ला २ होता, तो शिजवण्यासाठी जाड आहे. जाड पाक गोळ्यातलं पाणी ओढून घेतो आणि आत लवकर शिरत नाही, म्हणून तो आकसतो आणि रबरी होतो. घरी १ वाटी साखरेला ४ वाट्या पाणी, हा शिजवायचा पाक. १५ गोळ्यांसाठी दीड वाटी साखर आणि ६ वाट्या पाणी, पसरट आणि खोल पातेलं. गोळे एकमेकांना चिकटून नकोत, फुगायला जागा हवी. नुसत्या पाण्यात पण करू नका, तिथे ते विरघळल्यासारखे सुटतात.

आच पूर्ण मोठी. गोळे टाकतानाही उकळी मोडता कामा नये, म्हणून एकेक सोडायचा. झाकण लावायचं कारण गोळे वर तरंगतात आणि वरचा भाग हवेत राहिला तर तो कच्चा राहतो. झाकण असलं की वाफेने शिजतो. चार-पाच मिनिटांनी झाकण काढून कडेने उकळतं पाणी पाव वाटी घालायचं, कारण पाणी आटून पाक जाड होत असतो. पाणी उकळतंच हवं, गार घातलं तर उकळी बसते आणि गोळेही बसतात. इथे दुकानात कढईभर पांढरा फेस असतो, गोळे दिसतच नाहीत, कारागीर फेसावर पाणी शिंपडत बसतो आणि झाऱ्याने फेस खाली ढकलतो. काही ठिकाणी फेस टिकावा म्हणून रिठ्याचं पाणी टाकतात, घरी ते करू नका. छेन्याचाच थोडा फेस येतो, तेवढा पुरे.

एकूण १५ मिनिटं. अर्ध्या वेळात हळूच एकदा हलवा, पलटायला झारा नाही, पातेलं धरून हलवा.

प्रेशरकुकर_फॅन
मी कुकरमध्ये करतो, एक शिट्टी मोठ्या आचेवर आणि मग ६ मिनिटं बारीक, कधीही चुकले नाहीत. एवढं झाकण काढा पाणी घाला काय करताय.

हावडाकर
कुकरमध्ये होतात छान, खोटं नाही बोलणार. वाफेचा दाब सगळीकडून लागतो आणि पाणी आटत नाही. पण आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि झाकण लगेच उघडलंत तर दाब एकदम सुटतो, तेव्हा बसलेले मी पाहिलेत. आपोआप दाब उतरू द्या. नवख्या माणसाला उघड्या पातेल्यात शिकलेलं बरं, चूक दिसते तरी.

मिक्सरवाली
झाले की नाही हे कसं ओळखायचं? ग्लासभर पाण्यात टाकला आणि बुडाला तर शिजला, तरंगला तर कच्चा, असं आई सांगायची.

हावडाकर
आईचं बरोबर आहे बऱ्यापैकी. पण हलका छेना असला तर शिजूनही थोडा वेळ तरंगतो, तेव्हा नुसतं त्यावर जाऊ नका. एक काढून अर्धा तोडा, आत मधोमध पांढरा दाट ठिपका दिसला तर कच्चा, सगळीकडे एकसारखी बारीक जाळी दिसली तर झाला. बोटाने दाबलेला खळगा परत भरून आला पाहिजे.

खवय्या_नागपूर
ठिपका बिपका नाही, बुडाला की झाला. आमच्याकडे तेच.

सानिका_ठाणे
आज परत केले! रिपोर्ट देते. १ लिटर गाईचं, गॅस बंद करून तीन मिनिटांनी लिंबूपाणी, अर्ध्याहून थोडं जास्त लागलं. धुवून पाऊण तास टांगलं, वजन १८८ ग्रॅम, हावडाकरताई तुमच्या आकड्यात बसलं 🙌. ९ मिनिटं मळलं, तळवा चकाकला तेव्हा थांबले, १ चमचा मैदा घातला. पहिला गोळा एकटा टाकला, तडा एकही नाही, मग बाकीचे १४. १५ मिनिटं झाकून, मध्ये दोनदा उकळतं पाणी. फुगले दुप्पट, आत जाळी, दाबले की परत वर येतात. तडे शून्य. फक्त एक गोष्ट, गॅस बंद करून तासाभराने बघितलं तर काही जण थोडे आकसलेत, कालच्यासारखे चपटे नाहीत पण गोलपणा गेलाय. काय राहिलं?

हावडाकर
अगदी छान. बंद केल्यावर लगेच झाकण काढून गार हवेत ठेवलेस का? आतली वाफ एकदम थंड झाली की आकसतात. झाकण अर्धवट ठेवून पाकातच हळूहळू गार होऊ दे. आणि किती मिनिटांनी आच कमी केलीस? मला वाटतं शेवटी पाक थोडा जाड झाला असेल, तर अर्धी वाटी उकळतं पाणी जास्त घाल. त्यातला एक काढून वाटीत गरम पाण्यात टाक, दहा मिनिटांत परत फुगला तर पाकच जाड आहे.

सानिका_ठाणे
झाकण पूर्ण काढलं होतं, वास घ्यायला 🙈. आच शेवटपर्यंत मोठीच होती. बरं, वाटीत टाकलाय, बघते.

सानिका_ठाणे
फुगला थोडा! पूर्ण नाही. म्हणजे पाक पण आणि झाकण पण?

हावडाकर
दोन्ही असेल, किंवा मळताना चमकला तिथून एक मिनिट जास्त गेलीस. एका बॅचवरून नाही सांगता येणार. रविवारसाठी शनिवारीच करून ठेव, पाकात कमीत कमी ५-६ तास मुरले की चव जमते. मुरायला ठेवताना पाक थोडा गोड हवा असेल तर त्यात अर्धी वाटी साखर आता घालून विरघळव, शिजताना घालू नकोस. फ्रिजमध्ये ठेव, खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढ.

कोथिंबीर_जुडी
म्हशीच्या दुधाचे होतात का? आमच्याकडे फक्त तेच येतं, सोसायटीत गवळी.

हावडाकर
होतात पण घट्ट. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त आणि छेना कडक येतो, मऊ स्पंज मिळणं अवघड. साय काढून, त्यात गाईचं दूध मिसळून कोणी करतं असं ऐकलंय, मी केलेलं नाही. तुमच्याकडे पिशवीचं गाईचं दूध मिळत नाही का?

कोथिंबीर_जुडी
मिळतं, पण सासरे गवळ्याला नाराज करू देत नाहीत 😂

न्यूजर्सीकर
साधं होल मिल्क आणलं. फाटलं मस्त! टांगलंय. एका गॅलनला म्हणजे पावणेचार लिटर, वजन भरलं ६८० ग्रॅम. पाक एवढ्यासाठी एकाच पातेल्यात करू की दोन खेपा? आणि दुसऱ्या खेपेला तोच पाक चालेल का?

हावडाकर
पन्नासच्या वर गोळे होतील तुमचे, एका पातेल्यात नाही मावणार. तीन खेपा करा. पाक तोच चालतो, पण प्रत्येक खेपेनंतर एक वाटी उकळतं पाणी घालून पातळ करून घ्या, आणि उरलेला छेना ओल्या फडक्याखाली झाका, नाहीतर तिसऱ्या खेपेपर्यंत त्यालाच तडे जायचे.